आईचं वीजबिल, आईच्याच हातानं

महावितरणचं ॲप आईवडिलांना शिकवताना फोन त्यांच्याच हातात राहू द्या. आपण बोटं चालवली की त्यांना फक्त वेग दिसतो.

सुरुवात कागदी बिलापासून करावी. बिलावरचा १२ अंकी ग्राहक क्रमांक आणि बिलिंग युनिटचे ४ अंक मोठ्या अक्षरात वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या. ॲपमध्ये ते भरले की पैसे देण्याआधी थांबायचं आणि पडद्यावरचं नाव व रक्कम बिलाशी ताडून पाहायची. वीजजोडणी अजून वडिलांच्या नावावर असेल तर तिथे त्यांचंच नाव दिसेल, हे आईला आधीच सांगा, नाहीतर ती घाबरून मागे फिरते.

खरी अडचण येते ती पैसे अडकल्यावर. समजा १,२४० रुपये खात्यातून गेले, पण ॲप ‘पेंडिंग’ म्हणतंय. अशा वेळी लगेच पुन्हा भरायचं नाही. बँकेचा मेसेज पाहायचा, यूपीआयचा व्यवहार क्रमांक वहीत उतरवायचा आणि थोड्या वेळानं ॲपमधला भरणा इतिहास उघडायचा. तिथे नोंद दिसली तर बिल भरलं गेलं. व्यवहार फसला असेल तर पैसे बहुधा काही दिवसांत खात्यात परत येतात. म्हणूनच शेवटच्या तारखेच्या चार-पाच दिवस आधी भरलेलं बरं.

पावती डाउनलोड करून ‘वीजबिल’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवावी. नुसता स्क्रीनशॉट लग्नाच्या फोटोंत हरवतो. वहीत तारीख, रक्कम, व्यवहार क्रमांक एवढी एक ओळ पुरते.

‘आज रात्री वीज तोडू, या नंबरवर फोन करा’ असा मेसेज आला, तर आईनं हीच वही उघडावी आणि फोन करू नये.