चेक कंपनीचा, समन्स संचालकाला

कंपनी कायद्याचा पहिला धडा सॉलोमन खटल्याचा असतो. १८९६ साली ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितलं की, एकाच माणसाच्या हातात जवळपास सगळे शेअर्स असले तरी कंपनी ही त्याच्याहून वेगळी व्यक्ती आहे. कंपनीचं कर्ज ते कंपनीचं, त्याचं नाही. आपल्याकडेही तत्त्व हेच. त्यामुळे प्रायव्हेट लिमिटेडचे पैसे बुडाले तर तुम्ही संचालकावर नुसता वसुलीचा दावा लावून त्याचं घर विकायला लावू शकत नाही. त्याने वैयक्तिक हमी लिहून दिली असेल, तर गोष्ट वेगळी.

मग चेक परत गेला की त्याच संचालकाला फौजदारी कोर्टाचं समन्स कसं येतं? कोर्टाने 'कॉर्पोरेट बुरखा' फाडला म्हणून येतं, असं अनेक जण सांगतात. ते बरोबर नाही. बुरखा फाडणं म्हणजे लबाडी दिसली म्हणून कोर्टाने कंपनीचं वेगळेपण बाजूला ठेवणं, आणि ते क्वचित घडतं. इथे कोर्ट काहीच फाडत नाही. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १४१ मध्ये संसदेनेच एक दार ठेवलंय. कंपनीकडून चेक न वटण्याचा गुन्हा घडला, तर गुन्ह्याच्या वेळी कंपनीच्या कारभाराची सूत्रं ज्याच्या हातात होती आणि त्या कारभारासाठी जो कंपनीला जबाबदार होता, तोही दोषी धरला जातो. जबाबदारीच्या या मुख्य वाक्यात 'संचालक' हा शब्द नाही, हे लक्षात घ्या. पद बघायचं नाही, काम बघायचं.

एक उदाहरण धरून चालू. समजा चाकणजवळ सुट्या भागांची एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. संचालक चार. एक मॅनेजिंग डायरेक्टर. दुसरा त्यांचा धाकटा भाऊ, जो हिशेब बघतो आणि चेकवर सह्या करतो. तिसऱ्या त्यांच्या वहिनी, ज्यांचं नाव फक्त कागदावर आहे. चौथे एक इंजिनिअर, ज्यांनी जानेवारीत राजीनामा दिला. स्टीलवाल्याला ३ मार्चचा १२ लाखांचा चेक दिला आणि ६ मार्चला 'खात्यात पुरेसे पैसे नाहीत' या शेऱ्यासह तो परत आल्याचं बँकेने त्याला कळवलं.

चेक परत आला म्हणजे गुन्हा झाला, असं नाही. बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत स्टीलवाल्याने लेखी नोटीस पाठवायला हवी. ती २४ मार्चला कंपनीला पोहोचली असं धरू. तिथून पैसे द्यायला १५ दिवस, म्हणजे ८ एप्रिलपर्यंत. तोपर्यंत १२ लाख दिले तर प्रकरण तिथेच संपलं. नाही दिले तर गुन्हा पूर्ण होतो, आणि त्यानंतर एका महिन्यात तक्रार दाखल करावी लागते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आता स्टीलवाल्याची नेहमीची घाई बघा. कंपनीकडे काही उरलं नाही, मग तिला कशाला आरोपी करायचं, सरळ माणसांनाच धरू. इथे तक्रार कोसळते. २०१२ च्या अनिता हाडा निकालात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की कंपनीला आरोपी केल्याशिवाय संचालकावर खटला चालत नाही. कारण सरळ आहे: चेक कंपनीच्या खात्यावरचा, म्हणून मूळ गुन्हा कंपनीचा, संचालकाची जबाबदारी त्या गुन्ह्याला चिकटून येते. वेगळं अस्तित्व इथे मोडत नाही, उलट त्याच्याच पायावर खटला उभा राहतो. कंपनीला नोटीसच पाठवली नसेल, तर नंतर तिचं नाव घुसवून चूक सुधारता येत नाही, हे २०१९ मध्ये हिमांशू खटल्यात ठरलं.

कंपनी आरोपी झाली. आता चौघांपैकी कोण? याचं मूळ उत्तर २००५ च्या एसएमएस फार्मास्युटिकल्स निकालात आहे. मॅनेजिंग डायरेक्टर पदामुळेच कारभाराला जबाबदार असतो, त्याच्याबद्दल वेगळं काही लिहावं लागत नाही. चेकवर सही करणारा भाऊही सुटत नाही. सही हाच त्याचा सहभाग. बाकी संचालकांबद्दल मात्र तक्रारीत असं विधान लागतं की गुन्ह्याच्या वेळी ते कारभार बघत होते आणि त्यासाठी जबाबदार होते. 'आरोपी क्रमांक ४ या कंपनीच्या संचालक आहेत' एवढ्यावर वहिनींविरुद्ध प्रकरण टिकत नाही.

पण खरी अडचण पुढे आहे, आणि माझ्या मते या कलमाचा सगळ्यात त्रासदायक भाग तोच. ते विधान लिहिणं फार सोपं आहे. वकिलांच्या मसुद्यात ते तयारच असतं, नावं तेवढी बदलतात. तेवढं विधान असलं की मॅजिस्ट्रेट समन्स काढू शकतो. बाहेरच्या माणसाला कंपनीत कोण काय बघतं हे कसं कळणार, असं सुप्रीम कोर्टाचं म्हणणं, आणि तेही चूक नाही. मग वहिनींनी हायकोर्टात जाऊन खटला रद्द करून मागायचा तर हातात वादातीत पुरावा हवा. 'मी फक्त नावाला होते' हे तोंडी सांगून भागत नाही. ते खटल्यात सिद्ध करावं लागतं, म्हणजे तारखांना हजेरी आली.

इंजिनिअरांची बाजू भक्कम आहे, कारण त्यांच्याकडे कागद आहे. राजीनामा चेकच्या आधीचा, आणि कंपनी निबंधकाकडे डीआयआर-१२ फॉर्म भरून त्याची नोंद झालेली. २०११ च्या हर्षेंद्रकुमार निकालात अशाच सरकारी नोंदीच्या आधारे संचालक सुटला होता. फॉर्म भरायचं काम कंपनीचं असतं आणि ती टाळाटाळ करते, म्हणून संचालकाला स्वतः डीआयआर-११ भरून निबंधकाला कळवण्याची सोय आहे. पदावरून निघताय? मग हा फॉर्म कंपनीवर सोडू नका.

जबाबदारीलाही मर्यादा आहे. खटला चालू असताना कोर्ट चेकच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई द्यायला सांगू शकतं. ती सही करणाऱ्या भावाकडून घेता येईल का? श्री गुरुदत्त शुगर्स प्रकरणात मुंबई हायकोर्ट नाही म्हणालं आणि २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते कायम केलं. ते कलम चेक काढणाऱ्याबद्दल बोलतं, आणि चेक काढणारी कंपनी. भावाने फक्त तिच्या वतीने सही केली.

कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली तर चित्र उलटं होतं. स्थगिती लागू झाली की कंपनीविरुद्धचा चेकचा खटला थांबतो, पण मॅनेजिंग डायरेक्टर आणि सही करणाऱ्या भावाविरुद्धचा चालूच राहतो, असं २०२१ च्या मोहनराज निकालात ठरलं. मूळ गुन्हा जिचा, तिला उसंत मिळते, आणि तिच्यामुळे आरोपी झालेले दोघे तारखांना जात राहतात.