टीव्हीच्या पाठीवरची चार भोकं

डोंबिवलीला दादांकडे नवा 55 इंची टीव्ही आला, त्या दिवशी मी तिथेच होतो. टीव्हीबरोबर दुकानदाराने एक लांब हाताचा ब्रॅकेटही दिला होता. हा पुढे ओढता येतो, डावी-उजवीकडे वळतो, वहिनींना स्वयंपाकघराकडच्या टेबलावरूनही टीव्ही दिसेल, असं त्याने सांगितलं होतं. बसवायला आलेल्या मुलाने ड्रिल काढलं, भिंतीवर पेन्सिलीने चार खुणा केल्या आणि पहिलं भोक पाडलं. ड्रिल लोण्यात गेल्यासारखं आत गेलं आणि पांढरट, पिठासारखी भुकटी खाली पडली. मी त्याला थांबवलं. ती भिंत विटेची नव्हती, हलक्या सिमेंटच्या ब्लॉकची होती, ज्याला आपल्याकडे सगळे सिपोरेक्स म्हणतात. तीही चार इंची, दोन खोल्यांमधली आडभिंत.

ब्रॅकेट कोणता घ्यायचा हे टीव्हीपेक्षा भिंत जास्त ठरवते. बाजारात तीन जाती मिळतात. फिक्स्ड ब्रॅकेट टीव्हीला भिंतीला चिकटवून ठेवतो. टिल्ट ब्रॅकेटमध्ये टीव्हीचा वरचा भाग थोडा पुढे झुकवता येतो. फुल मोशनला दुमडणारा हात असतो आणि टीव्ही भिंतीपासून दूर आणून हवा तसा फिरवता येतो. ऐकताना तिसरा सगळ्यात सोयीचा वाटतो, आणि दुकानात विकलाही तोच जातो. पण भिंतीच्या दृष्टीने या तिघांत फार मोठा फरक आहे.

पाण्याने भरलेली बादली अंगाजवळ धरा आणि मग तीच हात लांब करून धरून बघा. बादलीचं वजन तेवढंच असतं, पण खांदा लगेच ओरडतो. दादांचा टीव्ही 15 किलोचा. फिक्स्ड ब्रॅकेटवर त्याचं वजन भिंतीपासून साधारण 5 सेंटिमीटरवर येतं. फुल मोशनचा हात पूर्ण ओढला तर 40 सेंटिमीटरवर. भिंतीवरच्या पट्टीच्या वरच्या आणि खालच्या बोल्टमध्ये 20 सेंटिमीटर अंतर धरलं, तर पहिल्या ब्रॅकेटमध्ये वरचे बोल्ट भिंतीतून बाहेर खेचण्याचा जोर पावणेचार किलोच्या आसपास पडतो. दुसऱ्यात तोच 30 किलो होतो, आठपट. शिवाय हा जोर स्थिर नसतो. टीव्ही ओढला, वळवला, परत ढकलला की प्रत्येक वेळी बोल्ट थोडा हलतो आणि भोक थोडं सैल होतं.

म्हणून भिंत कशाची आहे ते आधी ओळखा. ड्रिलची भुकटी ते सांगते. लाल भुकटी म्हणजे वीट. करडी भुकटी आणि ड्रिल जागच्या जागी ओरडत राहिलं तर काँक्रीट. पांढरट, हलकी भुकटी आणि अजिबात विरोध नाही, तर सिपोरेक्स. बोटांनी ठोकल्यावर पोकळ वाजलं तर जिप्सम बोर्ड किंवा पोकळ ब्लॉक. काँक्रीटच्या भिंतीत किंवा कॉलममध्ये लोखंडी अँकर बोल्ट मारून फुल मोशन निर्धास्त बसवता येतो. नऊ इंची पक्क्या विटेच्या भिंतीतही चालतो, फक्त भोक दोन विटांमधल्या सांध्यात न जाता विटेच्या अंगात जायला हवं, आणि गिट्टी प्लास्टर ओलांडून विटेपर्यंत पोचायला हवी. आतल्या भिंतीचं प्लास्टर सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर जाड असतं. आखूड गिट्टी अर्धी त्यातच राहते आणि प्लास्टर काही धरून ठेवत नाही.

सिपोरेक्समध्ये नेहमीचा फुगणारा लोखंडी अँकर मारू नये. तो जिथे फुगतो तिथला ब्लॉक चुरा होतो. या ब्लॉकसाठी वेगळ्या लांब नायलॉन गिट्ट्या मिळतात, आणि भोक पाडताना ड्रिलचा हातोडा बंद ठेवायचा असतो. तरीही चार इंची सिपोरेक्सच्या आडभिंतीवर लांब हात टांगायला मी कुणाला सांगणार नाही. अगदी हवाच असेल तर बोल्ट भिंतीच्या आरपार घालून पलीकडे पट्टी लावावी, किंवा आधी 19 मिलिमीटरचं प्लायवुड बऱ्याच गिट्ट्यांवर पक्कं करून जोर पसरवावा.

दादांच्या घरी आम्ही मग वेगळा प्रश्न विचारला : टीव्ही खरोखर वळवायची गरज आहे का? टेबल टीव्हीच्या अगदी बाजूला नव्हतं, थोडं तिरपं होतं. तिथे खुर्चीवर बसून पाहिलं तर चित्र नीट दिसत होतं. शिवाय 40 सेंटिमीटरच्या हाताला मर्यादा असते. 55 इंची टीव्हीची रुंदी सव्वा मीटरच्या जवळ, म्हणजे मधल्या बिंदूपासून कडेपर्यंत 61 सेंटिमीटर. तो साधारण 40 अंश वळला की मागची कड भिंतीला टेकते. खोक्यावर 90 अंश लिहिलेलं असतं, ते लहान टीव्हीसाठी.

अडचण वेगळीच निघाली. टीव्हीखाली शोकेस होतं, त्यामुळे पडद्याचा मध्य जमिनीपासून 135 सेंटिमीटरवर येत होता. सोफ्यावर बसलेल्या माणसाचे डोळे साधारण 100 सेंटिमीटरवर असतात. फरक 35 सेंटिमीटर, सोफा 260 सेंटिमीटर दूर. गणिताने झुकाव आठ अंशांच्या आसपास येतो आणि टिल्ट ब्रॅकेट तो सहज देतो. डोळ्यांच्या रेषेत टीव्ही लावता येत असेल तर मात्र टिल्टचीही गरज नाही, साधा फिक्स्ड घ्यावा. समोरच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडद्यावर पडत असेल तरी टिल्टचा उपयोग होतो. बाजूच्या खिडकीचा उजेड त्याने जात नाही, तिथे पडदाच लावावा लागतो. फिक्स्डमध्ये आणखी एक पाहायचं : केबल टीव्हीच्या मागे सरळ घुसते की बाजूने. सरळ घुसत असेल तर तिच्या टोकाला भिंतीपर्यंत जागा हवी, नाहीतर टीव्ही टांगल्यावर ती लावताच येत नाही.

आता त्या चार भोकांकडे येऊ. जवळजवळ प्रत्येक टीव्हीच्या पाठीवर चौकोनात चार आटे असलेली भोकं असतात. त्यांच्यातलं अंतर कंपनीच्या मर्जीवर नसतं. पडद्यांची मानकं ठरवणाऱ्या व्हेसा या संघटनेने ते ठरवून दिलं आहे, आणि ब्रॅकेटच्या खोक्यावर तेच छापलेलं असतं. माप मिलिमीटरमध्ये, आधी आडवं आणि मग उभं. 300 × 200 म्हणजे डाव्या आणि उजव्या भोकात 300, वरच्या आणि खालच्या भोकात 200. हा क्रम उलटा वाचला की ब्रॅकेट बसत नाही. खोक्यावर ‘32 ते 55 इंच’ असंही लिहिलेलं असतं. तो नुसता अंदाज असतो. एकाच इंचाच्या दोन टीव्हींची भोकं वेगळी असू शकतात. भोकांचं माप आणि किलो, या दोनच गोष्टी ब्रॅकेटशी जुळवायच्या.

माप पुस्तिकेत सापडतं. पुस्तिका हरवली असेल तर टेपने मोजा. माप भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत असतं, पण भोकाचा मध्य नेमका धरणं अवघड असतं. त्यापेक्षा एका भोकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्या भोकाच्या डाव्या कडेपर्यंत मोजलं की तेच माप मिळतं. टीव्ही पालथा ठेवायचा तर मऊ गोधडीवर, आणि पडद्यावर जोर न देता. मग पाठीवर वर्तमानपत्राचा कागद धरून भोकांच्या खुणा आणि टीव्हीची खालची कड उमटवून घ्या. हा कागद पुढे भिंतीवर लावता येतो. भोकं टीव्हीच्या बरोबर मध्यावर असतीलच असं नाही. खालच्या कडेपासून वरचं भोक किती उंच आहे हे न पाहता ब्रॅकेट ठोकला, की टीव्ही ठरवल्यापेक्षा पाच-दहा सेंटिमीटर वर किंवा खाली जातो. दादांचा कागद आम्ही भिंतीवर चिकटवला, शोकेसपासून कड मोजली आणि मगच पाणसळ लावून खुणा केल्या. खुणा करताना स्विचबोर्डच्या सरळ वरची आणि खालची रेषा सोडून दिली, कारण भिंतीतल्या वायर बहुधा त्याच रेषेत असतात.

सर्वांत महागात पडणारी चूक होते ती स्क्रूमध्ये. लहान टीव्हीला एम4, मोठ्याला एम6 किंवा एम8 जाडीचे स्क्रू लागतात. लांबी मात्र प्रत्येक टीव्हीची वेगळी, आणि ब्रॅकेटच्या पिशवीत सगळ्या लांबीचे स्क्रू एकत्र भरलेले असतात. लांब स्क्रू आत जाऊन सर्किट बोर्डाला किंवा पडद्याच्या मागच्या बाजूला टोचतो. आखूड स्क्रू दोन आट्यांवर टीव्ही तोलतो.

आम्ही काडेपेटीतली काडी भोकात तळापर्यंत घातली, कडेला नखाने खूण केली आणि पट्टीवर ठेवली : 12 मिलिमीटर. ब्रॅकेटच्या पट्टीची जाडी 2, वॉशरची 1. म्हणजे 12 मिलिमीटरचा स्क्रू भोकात 9 मिलिमीटर जाणार. एम6 स्क्रूला निदान त्याच्या जाडीइतकी, म्हणजे 6 मिलिमीटरची पकड हवी, ती मिळत होती. त्या मुलाच्या हातात 20 चा स्क्रू होता, तो 17 मिलिमीटर गेला असता. काही टीव्हींची भोकं पाठीच्या खोलगट भागात असतात. तिथे मध्ये प्लास्टिकची नळी घालावी लागते आणि तेवढीच स्क्रूची लांबी वाढते.

स्क्रू आधी बोटांनीच फिरवावा. दोन फेऱ्यांतच अडला तर आटा वेगळा आहे, जोर लावू नका. स्क्रू घट्ट झाला पण पट्टी अजून खडखडते, तर तो तळाला टेकला आहे. ताबडतोब काढा आणि आखूड घ्या.

फुल मोशन दादांनी दुकानात परत केला आणि टिल्ट आणला. 300 × 200 चा, 30 किलो भार पेलणारा, सिपोरेक्सच्या लांब गिट्ट्यांवर. टांगल्यावर टीव्हीची खालची कड धरून हलकेच पुढे ओढून पाहिली. पट्टी भिंतीपासून तसूभरही सुटली नाही.

तुमच्याकडे ब्रॅकेट बसला की उरलेले स्क्रू, वॉशर आणि टीव्हीचे पाय एका पिशवीत भरून वर टीव्हीचं मॉडेल, भोकांचं माप आणि वापरलेल्या स्क्रूची लांबी लिहून ठेवा. घर बदलताना बसवणारा माणूस वेगळा असेल, आणि त्याच्या हातात पुन्हा 20 चा स्क्रू असेल.