निळीचं झाड आणि द्राक्षाचा शेवटचा ट्रक

निफाड तालुक्यातला एक बागायतदार डोळ्यांसमोर आणा. माणूस काल्पनिक आहे, पण त्याची गोष्ट दर हंगामात कुणा ना कुणाच्या वाट्याला येतेच. दोन एकरांत वीस टन द्राक्षं निघाली. बाहेरच्या राज्यातल्या एका व्यापाऱ्याने चाळीस रुपये किलोने सौदा केला. पहिला तीन टनांचा माल गेला आणि एक लाख वीस हजार रुपये संध्याकाळी हातात पडले. दुसरा तीन टनांचा गेला, त्याचेही पैसे मिळाले. मग व्यापारी म्हणाला, "उरलेला सगळा माल एकदम तोडू या, पैसे आठ दिवसांत देतो." चौदा टन माल गेला. आठ दिवस झाले, पंधरा झाले, पाच लाख साठ हजार काही आले नाहीत. शेतकरी पोलीस ठाण्यात गेला. तिथे त्याला जे उत्तर मिळालं, ते हजारो लोकांनी ऐकलेलं आहे: "हे दिवाणी प्रकरण आहे, कोर्टात जा."

उत्तर टोलवाटोलवीचं वाटतं आणि पुष्कळदा ते तसंच असतं. पण त्यामागे कायद्याचा एक खरा प्रश्नही आहे. पैसे न देणं म्हणजे फसवणूक नव्हे. पैसे द्यायचेच नाहीत असं मनाशी ठरवून माल उचलणं ही फसवणूक. दोन्हींत शेतकऱ्याचं नुकसान तेवढंच होतं. फरक पडतो तो सौदा ठरला त्या क्षणी व्यापाऱ्याच्या मनात काय होतं, यावर.

हा फरक कायद्यानेच एका उदाहरणातून सांगितला आहे, आणि ते उदाहरणही शेतमालाचंच आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेतल्या कलम ४१५ मध्ये फसवणुकीची व्याख्या होती. तिच्याखाली निळीच्या झाडांचा दाखला दिला होता. एकाने दुसऱ्याला सांगितलं की मी तुला अमुक इतकी नीळ पुरवीन, आणि त्या भरवशावर आगाऊ रक्कम घेतली. नीळ द्यायचा त्याचा मुळात इरादाच नव्हता, तर ती फसवणूक. पण पैसे घेताना इरादा होता आणि पुढे त्याने करार मोडला, तर फसवणूक नाही. मग त्याच्यावर फक्त करारभंगाचा दिवाणी दावा चालेल.

नीळच का, हे १८६० साल आठवलं की कळतं. बंगालात निळीचे मळेवाले रयतेला आगाऊ पैसे देत आणि त्या पैशांच्या जोरावर तिला नीळ पेरायला लावत. १८५९ मध्ये रयतेने पेरायला नकार दिला आणि उठाव झाला. मळेवाल्यांच्या दबावाखाली सरकारने १८६० मध्ये एक तात्पुरता कायदा केला आणि निळीचा करार मोडणं हाच गुन्हा ठरवला. त्याच वर्षी मंजूर झालेली दंड संहिता मात्र निळीचंच नाव घेऊन सांगत होती की नुसता करार मोडणं हा गुन्हा नाही. एकाच सरकारने एकाच वर्षी एकाच पिकाबद्दल दोन उलट गोष्टी म्हणाव्यात, याची मला गंमत वाटते. तात्पुरता कायदा गेला, दंड संहितेतला दाखला राहिला. १ जुलै २०२४ पासून तिची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली, कलम ३१८ झालं, लोकांच्या तोंडचं चारशेवीस आता ३१८ च्या चौथ्या उपकलमात गेलं. शिक्षा पूर्वीइतकीच, सात वर्षांपर्यंत आणि दंड. निळीची झाडंही जागच्या जागी आहेत.

आता खरी अडचण येते. मनातला इरादा सिद्ध कसा करायचा? न्यायालय मनात शिरत नाही. ते त्या क्षणाच्या आजूबाजूच्या गोष्टी पाहतं आणि त्यांवरून अंदाज बांधतं. यातला एक नमुनेदार खटला कोलकात्याचा आहे, सर्वोच्च न्यायालयाने तो १९५४ मध्ये निकाली काढला. एका व्यापाऱ्याने सतरा हजारांच्या कथिलाच्या लगडी विकत घेतल्या. बोली होती माल ताब्यात मिळताच रोख पैसे द्यायची. विकणाऱ्याचा जमादार माल घेऊन गेला. माल उतरवून घेतला गेला, जमादार पैशांसाठी ताटकळत बसून राहिला, पैसे मिळालेच नाहीत. बचाव उघड होता: देणार होतो, जमलं नाही, मग हा उधारीचा व्यवहार झाला. न्यायालयाने नियम तोच सांगितला. वचन देताना पैसे द्यायचा इरादा असेल, तर नंतर न देण्याने फसवणूक होत नाही. पण पुरावा पाहता या माणसाजवळ रोकड नव्हती, बँकेत त्याच्या खात्यावर कर्जच चढलेलं होतं, आणि आलेला माल त्याने त्याच बँकेकडे तारण टाकला होता. रोख देतो म्हणताना रोख कुठून येणार, याला उत्तरच नव्हतं. शिक्षा कायम राहिली.

वचन हे भविष्याबद्दल असतं, आणि भविष्याबद्दलचं बोलणं आज खोटं ठरवता येत नाही. पण "मी देणार आहे" या वाक्यात आजचीही एक माहिती दडलेली असते: माझ्या मनात देण्याचं आहे. ती माहिती खोटी असेल, तर ती आजच खोटी असते. कथिलाच्या खटल्यात न्यायालयाने हेच खोटं पकडलं, आणि तेही नंतर काय घडलं यापेक्षा त्या दिवशी काय होतं यावरून.

नंतरचं वागणं बिनकामाचं नाही. २००० सालच्या एका गाजलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालय म्हणतं, सुरुवातीचा इरादा पुढच्या वागण्यावरूनही जोखता येतो, फक्त तेवढी एकच कसोटी धरता येत नाही. त्याआधी १९७२ मध्ये केरळच्या एका अपिलात सांगून झालं होतं की वचन पुरं करता आलं नाही, एवढ्यावरून अप्रामाणिक हेतू गृहीत धरता येत नाही. तक्रारदार इथेच अडकतात. त्यांची सगळी तक्रार "नंतर"बद्दल असते: फोन उचलला नाही, तारखा दिल्या, उद्धट बोलला. बुडालेला प्रामाणिक व्यापारीही फोन उचलत नाही.

निफाडच्या त्याच चौदा टनांकडे परत येऊ. समजा माल खरंच कोलकात्याला गेला, वाटेत पावसाने सापडला, बाजार पडला. व्यापाऱ्याकडे वाहतुकीच्या पावत्या आहेत, तिकडच्या आडत्याच्या पट्ट्या आहेत, महिन्याभराने त्याने एक लाख पाठवले आणि बाकी कबूल केली. हा करारभंग आहे. शेतकऱ्याचा रस्ता दिवाणी दाव्याचा, आणि त्याला तीन वर्षांची मुदत असते. चेक दिलेला असून तो वटला नसेल, तर त्याचा वेगळा खटला होतो आणि तिथे सुरुवातीचा इरादा सिद्ध करावा लागत नाही.

आता तोच माल, तेच पैसे, पण वेगळी कागदपत्रं. सौद्यात सांगितलेलं नाव आधार कार्डावरच्या नावाशी जुळत नाही. शेवटचा माल उचलण्याच्या चार दिवस आधी त्याने पॅकिंगचा गाळा सोडत असल्याचं मालकाला कळवलं होतं. दिलेला चेक ज्या खात्याचा, ते खातं दोन महिन्यांपूर्वीच बंद झालेलं. त्याच तीन दिवसांत गावातल्या आणखी नऊ जणांचा माल त्याने "आठ दिवसांत देतो" म्हणून उचलला. आणि चाळीसने घेतलेली द्राक्षं दुसऱ्याच दिवशी तिसऱ्या बाजारात तीसने रोखीत विकली. यातली शेवटची गोष्ट मला सगळ्यात बोलकी वाटते. ज्याला चाळीस द्यायचे आहेत तो तीसने विकायची घाई सहसा करत नाही. ज्याला काहीच द्यायचं नाही त्याला तीस हा निव्वळ नफा आहे. तरी एवढ्यावर शिक्षा होणार नाही, कारण माल नासू लागला म्हणून स्वस्तात विकला असंही तो म्हणेल. गाळा आणि बंद खातं यांचं मात्र तसं नाही. त्या गोष्टी वचनाच्या आधीच्या आहेत.

मग पहिल्या दोन खेपांचे चुकते केलेले पैसे? आरोपीचा वकील हा मुद्दा पहिल्याच दिवशी मांडतो, आणि तो दमदार असतो: फसवायचं असतं तर दोन लाख चाळीस हजार दिले असते का? प्रामाणिक व्यवहारातही असेच पैसे दिले जातात, त्यामुळे शंकेचा फायदा बहुतेकदा आरोपीकडे झुकतो. पण विश्वास कमावण्यासाठी थोडं देऊन मोठं उचलण्याची रीत जुनी आहे. पाहावं लागतं ते एवढंच, की रोखीचा सौदा उधारीवर कधी आणि कुणी आणला. इथे वचन एक नव्हतं, दोन होती. पहिलं कदाचित खरं असेल, दुसरं खोटं. त्यामुळे "सुरुवात" म्हणजे ओळख झाली तो दिवस नव्हे, चौदा टन ज्या वाक्यावर गेले ते वाक्य उच्चारलं तो दिवस.

पोलीस कचरतात त्याला दुसरी बाजूही आहे. दिवाणी दावा वर्षानुवर्षं चालतो, अटकेच्या भीतीने पैसे आठवड्यात सुटतात, म्हणून साध्या उधारीलाही फौजदारी रंग दिला जातो. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रवृत्तीवर बोट ठेवलं. एप्रिल २०२५ मध्ये उत्तर प्रदेशातल्या अशाच गुन्ह्यांवरून सरन्यायाधीश संजीव खन्ना यांच्या खंडपीठाने तिथल्या पोलिसांना कडक शब्दांत सुनावलं. पण उलटं टोकही न्यायालयाला मान्य नाही. व्यवहार व्यापारी आहे म्हणून फसवणूक होऊच शकत नाही असं नाही, पुष्कळ फसवणुकी व्यापारी व्यवहारातच होतात, असं त्याने १९९९ च्या एका निकालात म्हटलं. २०१३ च्या ललिता कुमारी निकालाने व्यापारी वादांत गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची मोकळीक दिली. ती चौकशी कशाची करायची, याचं उत्तर गाळ्याच्या नोटिशीत आणि बंद खात्यात आहे.

आपल्या बागायतदाराने पहिल्या अर्जात लिहिलं होतं, "माझे पाच लाख साठ हजार रुपये दिले नाहीत, वारंवार मागणी करूनही टाळाटाळ केली." दुसरा अर्ज त्याने शेजारच्या वकिलाकडून लिहून घेतला. त्यात पहिलं वाक्य होतं, "अमुक तारखेला, माझ्या बागेत, दोन मजुरांच्या समक्ष, आठ दिवसांत पैसे देतो असं सांगून त्याने माल तोडायला लावला, आणि त्या तारखेला त्याचं बँक खातं बंद होतं." रकमेचा उल्लेख चौथ्या ओळीत आला.