डोक्यातला फुकट भाडेकरू

‘लिव्हिंग रेंट फ्री इन माय हेड’ हे हल्ली कुठल्याही रीलखाली दिसतं. मग ती गरब्याची चाल असो, नाहीतर क्रिकेटमधला एखादा कॅच. म्हणजे काय, तर हे डोक्यातून जातच नाही.

मुळात मात्र हा कौतुकाचा शब्दप्रयोग नव्हता. अमेरिकी वर्तमानपत्रांत १९५५ ते २००२ या काळात ‘अ‍ॅन लँडर्स’ नावाने सल्ला देणाऱ्या एस्थर लेडरर यांच्या नावावर तो सांगतात. मनात राग धरून बसणं म्हणजे नावडत्या माणसाला डोक्यात फुकट राहू देणं, असा त्याचा रोख. वैतागलेल्या घरमालकाची तक्रारच ती. पुढे भाडेकरू लाडका झाला. भाडं मात्र अजूनही कोणी देत नाही!

मराठीत याला एकच एक शब्द नाही, आणि ते बरंच आहे. ध्यास आपण ‘घेतो’, नाद आपल्याला ‘लागतो’. सूत्रं कोणाच्या हातात आहेत, हे क्रियापदच सांगतं. रेंट फ्री हे ‘लागण्या’च्या बाजूचं.

माझ्या वडोदऱ्याच्या मावसबहिणीने एकाच आठवड्यात हे दोनदा लिहिलं. एकदा ढोलाच्या ठेक्याखाली. तिथे ‘नाद लागला’ चपखल बसतं. दुसऱ्यांदा, कोणीतरी तिला ‘किती सुटलीयेस’ म्हणालं होतं त्याबद्दल, सोबत हसरा चेहरा. तिथे ‘नाद लागला’ म्हणून बघा, बसत नाही. ‘मनाला लागलं’ बसतं. कॅप्शन दोन्हीकडे तेच, त्यामुळे खाली सगळ्यांनी हसरे चेहरेच टाकले होते.