कोलेस्टेरॉल निर्दोष ठरलं होतं

2007 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ‘क्यूरिस्क’ प्रसिद्ध झालं. वय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल अशा नोंदींवरून पुढच्या 10 वर्षांतला हृदयविकाराचा धोका सांगणारं हे सूत्र होतं. पण त्यात कोलेस्टेरॉलचा धोक्याशी जवळजवळ संबंधच दिसेना. वाचक डॉक्टरांना ते पटलं नाही.

अडचण नोंदींत होती. सुमारे 70 टक्के रुग्णांच्या कोलेस्टेरॉलचा रकाना अपुरा होता. अशा वेळी सर्वांत सोपा उपाय म्हणजे अपुऱ्या नोंदीचे रुग्ण सरळ वगळणं. याला लिस्टवाइज डिलीशन म्हणतात. रकाना कोरा राहण्याचं कारण फक्त वयासारखं, रिग्रेशनमध्ये आधीच घेतलेलं असेल, तर उत्तर बरोबर येतं; माणसं कमी झाल्यामुळे ते तेवढं नेमकं नसतं, इतकंच. पण तपासणी झाली की नाही, याचा पुढे आजार होण्याशीही संबंध असेल, तर उरलेल्या रुग्णांवरून काढलेला निष्कर्ष सगळ्यांना लागू पडत नाही.

कोऱ्या जागी सरसकट सरासरी भरणं मला त्याहून वाईट वाटतं. सगळ्यांना एकच आकडा मिळतो, माणसामाणसातला फरक पुसला जातो आणि सॉफ्टवेअर त्या अंदाजाला प्रत्यक्ष मोजलेला आकडा समजतं.

डोनाल्ड रुबिन यांची मल्टिपल इम्प्युटेशन पद्धत या अंदाजातली अनिश्चितता झाकत नाही. इतर माहितीवरून प्रत्येक कोऱ्या जागी संभाव्य आकडा भरायचा आणि अशा अनेक प्रती तयार करायच्या. प्रत्येक प्रतीवर रिग्रेशन चालवून उत्तरांची सरासरी काढायची. प्रतींच्या उत्तरांत जितकी तफावत, तितकी अंतिम उत्तरातली अनिश्चितता वाढवायची.

क्यूरिस्कमध्ये हीच पद्धत वापरली होती, पण भरणी सदोष होती. अशा भरणीतली नेहमीची चूक म्हणजे ज्याचा अंदाज करायचा तो परिणामच, इथे हृदयविकार, बाजूला ठेवणं. परिणाम वापरून कारण भरणं ही लबाडी वाटते. खरं तर तो न वापरल्यानेच उत्तर बिघडतं. समजा, खरा उतार 10 आहे आणि 70 टक्के आकडे परिणामाकडे न पाहता यदृच्छया भरले. त्या आकड्यांचा आजाराशी काहीच संबंध उरत नाही. मोजलेल्या 30 टक्क्यांतच तो शिल्लक राहतो आणि उतार 3 वर घसरतो.

क्यूरिस्कच्या संशोधकांनी पूर्ण नोंदी असलेल्या रुग्णांपुरतं गणित केलं, तेव्हा संबंध स्पष्ट दिसला. भरणी सुधारल्यावरही तसाच दिसला. मात्र ज्याचं कोलेस्टेरॉल जास्त तोच तपासणी टाळत असेल, तर ते हाती असलेल्या आकड्यांवरून कळायला मार्ग नाही. अशा शक्यता वेगळ्या गृहीत धरून उत्तर किती हलतं, हे तपासावं लागतं.

म्हणून एखादा अभ्यास वाचताना किती नोंदी गहाळ होत्या, भरणीत परिणाम घेतला होता का आणि पूर्ण नोंदींवरचं उत्तर काय आलं, हे जरूर पाहा. दोन उत्तरांत मोठी तफावत असेल, तर तिचं कारण सापडेपर्यंत कुठल्याच उत्तरावर विसंबू नका.