३४० रुपये कुठे गेले?

शटर अर्धं ओढलं की किराणा दुकानदार बिलबुकातली ऑनलाइन विक्री मोबाइलवरच्या जमेशी ताडून बघतो. समजा, वहीत ८,४६० रुपये आहेत आणि ॲपमध्ये ८,१२०. फरक ३४०. आधी नेमकं ३४० चंच बिल शोधावं. ते सापडलं, पण त्या वेळेची जमा नाही. मग घरच्यांच्या वैयक्तिक क्यूआरवर पैसे गेलेत का, ते पाहावं. तिथेही नसतील तर गिऱ्हाइकाकडून यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक मागावा आणि तो बँकेच्या नोंदींत शोधावा. गर्दीत ‘प्रलंबित’ लिहिलेला स्क्रीन पाहूनच अनेकदा माल दिला जातो. नुसती बेरीज जुळली म्हणून थांबू नका. दोन चुका एकमेकींना झाकतात. प्रत्येक नोंदीवर खूण करा.