169.254 : न आलेल्या उत्तराची खूण

वाय-फाय जोडलेले दिसते, पासवर्डही बरोबर असतो, पण एकही संकेतस्थळ उघडत नाही. अशा वेळी विंडोजच्या संगणकावर कमांड प्रॉम्प्ट उघडून `ipconfig /all` ही आज्ञा दिली की कधी कधी पुढच्या ओळी दिसतात :

```
Autoconfiguration IPv4 Address. . : 169.254.83.107(Preferred)
Subnet Mask . . . . . . . . . . . : 255.255.0.0
Default Gateway . . . . . . . . . :
```

शेवटचे दोन आकडे प्रत्येक संगणकावर वेगळे असतात, पण सुरुवात 169.254 हीच असते आणि गेटवेची जागा रिकामी असते. हा पत्ता राउटरने दिलेला नसतो. पत्ता मागूनही कोणी तो दिला नाही, म्हणून संगणकाने स्वतःच घेतलेला असतो. मॅकवर याच स्थितीला `Self-Assigned IP` असे लिहून येते. अँड्रॉइड फोन मात्र बहुधा असा पत्ता घेत नाही. तो आयपी पत्ता मिळवण्याचा प्रयत्न काही वेळ करतो आणि मग नाद सोडतो.

नेटवर्कवर नव्याने आलेल्या यंत्राला स्वतःचा पत्ता ठाऊक नसतो आणि तो देणारा सर्व्हर कुठे आहे हेही ठाऊक नसते. म्हणून ते सगळ्यांना ऐकू जाईल असा पुकारा करते. पत्ते वाटणारा डीएचसीपी सर्व्हर तो ऐकून एक पत्ता देऊ करतो, यंत्र तोच पत्ता रीतसर मागते आणि सर्व्हर होकार देतो. घरी किंवा लहान कार्यालयात हे काम राउटरच करतो. एरवी चार संदेशांचा हा व्यवहार इतका झटपट उरकतो की तो घडला हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

पुकाऱ्याला उत्तर आले नाही तर यंत्र थांबून थांबून पुन्हा विचारते. तरीही शांतताच राहिली तर 169.254 ने सुरू होणाऱ्या, खास याच कामासाठी राखलेल्या पत्त्यांतला एक यादृच्छिकपणे निवडते. तो दुसऱ्या कोणाकडे नाही ना, हे नेटवर्कवर विचारून घेते आणि मगच वापरू लागते. विंडोजमध्ये ही सोय विंडोज ९८ पासून आहे. तिचे नियम २००५ साली आरएफसी ३९२७ या दस्तऐवजात प्रमाणित झाले.

या पत्त्याला कुचकामी म्हणणे बरोबर नाही. एका केबलने थेट जोडलेले दोन लॅपटॉप त्यावर एकमेकांना फायली पाठवू शकतात. पण राउटर असा पत्ता पुढे नेत नाही, त्यामुळे इंटरनेट मिळत नाही. दरम्यान विंडोज दर पाच मिनिटांनी पुन्हा विचारत राहते, म्हणून काही वेळा हा बिघाड कोणी हात न लावताही मिटलेला दिसतो.

पत्ता पाहून एवढेच कळते की उत्तर आले नाही. ते का आले नाही हे त्यावरून कळत नाही आणि शोधाची खरी अडचण इथेच आहे. पुकारा सर्व्हरपर्यंत पोहोचलाच नसेल, सर्व्हर बंद असेल किंवा पुकारा ऐकूनही सर्व्हरकडे द्यायला पत्ता उरलेला नसेल. ‘पत्ते संपले’ असे पुकाऱ्याच्या उत्तरात सांगण्यासाठी डीएचसीपीमध्ये संदेशच ठेवलेला नाही. पत्ता नसेल तर सर्व्हर गप्प बसतो, त्यामुळे तुटलेली केबल आणि संपलेले पत्ते संगणकाच्या बाजूने अगदी सारखेच दिसतात.

हा गुंता सोडवायला एक साधी चाचणी पुरते. समजा राउटरचा पत्ता 192.168.1.1 आहे. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जाऊन संगणकाला 192.168.1.250 असा, वाटपाच्या यादीबाहेरचा आणि दुसरे कोणी वापरत नसलेला पत्ता हाताने द्यायचा. सबनेट मास्क 255.255.255.0 आणि गेटवे 192.168.1.1 ठेवायचा. मग ही आज्ञा द्यायची :

```
ping 192.168.1.1
```

उत्तर आले तर रस्ता चालू आहे आणि दोष बहुतेक पत्ते वाटणाऱ्याकडे आहे. उत्तर आले नाही तर आधी रस्ता तपासावा : केबल, स्विचचे पोर्ट किंवा मोठ्या कार्यालयात ते पोर्ट चुकीच्या व्हीलॅनमध्ये गेले आहे का. चाचणी झाल्यावर सेटिंग पुन्हा स्वयंचलित करायला विसरू नये, नाहीतर तोच लॅपटॉप दुसऱ्या नेटवर्कवर अडून बसतो.

सर्व्हर बंद पडला तरी सगळे संगणक एकाच वेळी बंद पडत नाहीत, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पत्ता ठरावीक मुदतीसाठी मिळालेला असतो आणि ती मुदत संपेपर्यंत यंत्र तोच वापरत राहते. त्यामुळे सकाळपासून जोडलेले संगणक सुरळीत चालतात आणि नव्याने आलेलाच अडतो. ‘बाकी सगळ्यांचे चालते, म्हणजे बिघाड याच लॅपटॉपमध्ये’ हा निष्कर्ष इथे चुकीचा ठरतो आणि चांगला लॅपटॉप विनाकारण दुरुस्तीला जातो.

पत्ते संपण्याचा प्रकार शिकवणीच्या वर्गात सहज घडू शकतो. समजा तिथला राउटर 192.168.1.100 ते 192.168.1.149 असे ५० पत्ते वाटतो आणि मुदत २४ तासांची आहे. कार्यालयातली ८ यंत्रे आणि सकाळी आठच्या बॅचचे ४० फोन मिळून ४८ पत्ते गेले. अकरा वाजता मुले घरी जातात, पण जाताना फोन पत्ता परत करत नाहीत. राउटरच्या नोंदीत ते पत्ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत अडकलेलेच राहतात. दुपारी दोनच्या बॅचला उरतात दोन. तिसरा फोन ताटकळतो आणि त्यानंतर आलेल्या लॅपटॉपवर 169.254 दिसू लागते. दुसऱ्या सकाळी तीच मुले येऊन तेच पत्ते घेतात, म्हणून तक्रार रोज दुपारीच येते.

अशा वेळी राउटर बंद करून चालू करणे हा सगळ्यांच्या हातातला उपाय. पुष्कळ घरगुती राउटर मुदतीची नोंद तात्पुरत्या स्मृतीत ठेवतात. ती पुसली जाते आणि दुपारच्या बॅचचे काम होते. पण आता पत्ते दुसऱ्या दिवशी दुपारी दोनपर्यंत या बॅचच्या नावावर राहतात आणि तक्रार सकाळच्या बॅचकडून येते. वेळापत्रक बदलले की बिघाडही जागा बदलतो, हीच पत्ते संपल्याची ठळक खूण आहे. राउटरच्या पानावर डीएचसीपीने दिलेल्या पत्त्यांची यादी असते. ती भरलेली दिसली की शंका उरत नाही.

उपाय त्याच पानावर असतो. वाटपाची कक्षा 192.168.1.50 ते 192.168.1.249 अशी केली की २०० पत्ते मिळतात. मात्र प्रिंटर किंवा कॅमेऱ्याला हाताने दिलेला पत्ता या कक्षेत येत नाही ना, हे आधी पाहावे. मुदत २४ तासांवरून दोन तासांवर आणली की अकराला गेलेल्या फोनचे पत्ते एक वाजेपर्यंत मोकळे होतात. मग अडलेल्या लॅपटॉपवर `ipconfig /renew` द्यावे. 169.254 च्या जागी 192.168.1 ने सुरू होणारा पत्ता आला, गेटवेची रिकामी जागा भरली आणि `ipconfig /all` मध्ये `DHCP Server` या ओळीसमोर राउटरचा पत्ता दिसला, की सर्व्हर पुन्हा उत्तर देऊ लागला आहे.